रांगेत आपण कितव्या?



आमच्या सल्ला केंद्रात बायका येतात त्या नवऱ्याच्या मारझोडीसाठी, पोटगीसाठी, घरातून काढून टाकलं म्हणून. पण गेल्या काही वर्षांत आणखी एक प्रश्न घेऊन बायका येऊ लागल्या आहेत आणि या प्रश्नासमोर आपल्यातल्या अनुभवी कार्यकर्त्यासुद्धा गप्प होतात. "ताई, कंपनी बुडाली म्हणतात. आमचा सात महिन्यांचा पगार, फंड, ग्रॅच्युइटी सगळं गेलं का?" कधी ती बाई स्वतः कारखान्यात शिलाईच्या लाइनवर असते, कधी तिचा नवरा गेटच्या आतला असतो. आपण तिला "युनियनकडे जा" असं सांगून मोकळ्या होतो. युनियन असेल तर ठीक. नसेल तर ती बाई आपल्याकडून जी जाते ती घरीच जाते.

म्हणून या अंकात हा विषय मी मुद्दाम घेते आहे. विषय रुक्ष आहे, वकिलांचा आहे, आकड्यांचा आहे. पण त्याचा गाभा आपल्याला चांगला ओळखीचा आहे. ताटात भाकरी एकच आणि खाणारी तोंडं दहा. आधी कुणी जेवायचं आणि कुणी उरलंसुरलं खायचं, हे कुणी ठरवलं?

आधी बुडणं म्हणजे काय ते पाहू. आपण "दिवाळं निघालं" असं सरसकट म्हणतो. कायदा ते तसं पाहत नाही. कंपनी ही कायद्याच्या दृष्टीनं एक वेगळी व्यक्ती असते. तिच्या नावापुढं जे 'लि.' असतं ते 'मर्यादित' या शब्दाचं लघुरूप आहे. मर्यादित कशाला? तर मालकांच्या देण्याला. भागधारकानं जेवढे पैसे भागभांडवलात घातले तेवढेच त्याचे बुडतात. त्याचा बंगला, गाडी, बायकोच्या नावावरचा फ्लॅट कंपनीच्या कर्जापोटी, सर्वसाधारणपणे, जप्त होत नाही. (त्यानं बँकेला वैयक्तिक हमी दिली असेल तर गोष्ट वेगळी, आणि गैरव्यवहार सिद्ध झाला तरी वेगळी.) म्हणजे कंपनी देणी भागवू शकत नाही तेव्हा वाटायला असतं ते फक्त कंपनीच्या नावावरचं. जागा, यंत्रं, गोदामातला माल, येणं असलेली बिलं. बाकी काही नाही. मालक गाडीतून फिरतो आहे आणि आम्हाला पगार नाही, हे कसं काय, असं बायका विचारतात. त्याचं उत्तर या एका 'लि.'मध्ये आहे.

आपल्या वस्तीतल्या पुष्कळशा कारखान्यांना मात्र हे 'लि.' नसतंच. एका मालकाचा गाळा असेल किंवा दोघांची भागीदारी असेल तर पुढं सांगते ती रांग त्यांना लागू होत नाही. तिथं मालक स्वतः देणं लागतो आणि आपली वाट कामगार आयुक्त आणि कामगार न्यायालयाकडे जाते. म्हणून पहिलं काम अगदी साधं. पगाराच्या पावतीवर किंवा हजेरी कार्डावर मालकाचं नाव काय छापलं आहे, आणि त्यापुढं 'प्रा. लि.' किंवा 'लि.' आहे का, ते वाचायचं.

कंपन्यांसाठी आज जो कायदा आहे तो नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६. तिचं दार उघडायला कंपनी पूर्ण बुडालेली असावी लागत नाही. देणं देय झालं आणि दिलं गेलं नाही, एवढं पुरतं. ही रक्कम पूर्वी एक लाख होती, मार्च २०२० मध्ये ती एक कोटी झाली. आता एखाद्या बाईचा पगार एक कोटी थकत नाही, हे उघड आहे. पण बायकांनी आणि पुरुषांनी मिळून दावा केला तर चालतो का? कानपूरच्या एका ताग गिरणीच्या कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये सांगितलं की नोंदलेली युनियन आपल्या सभासदांच्या वतीनं असा अर्ज करू शकते. शंभर-दोनशे जणांची थकबाकी एकत्र केली की कोटीचा उंबरठा ओलांडता येतो, एकटीला नाही.

अर्ज पुष्कळदा बँक करते. तो राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात, म्हणजे एनसीएलटीत, दाखल करून घेतला गेला की लगोलग तीन गोष्टी घडतात. संचालक मंडळाचे अधिकार जातात आणि कारभार एका नेमलेल्या व्यावसायिकाकडे येतो, त्याला रिझोल्युशन प्रोफेशनल म्हणतात. दुसरी, कंपनीविरुद्धच्या सगळ्या वसुलीला स्थगिती मिळते. कामगार न्यायालयात तुमचा वसुलीचा दावा चालू असेल तर तोही थांबतो. इथं बायकांचा फार गोंधळ होतो. वर्षभर तारखा केल्या, निकाल हातात येणार तोच वकील म्हणतो "आता थांबायचं." वकील फसवत नसतो. कायद्याचं म्हणणं असं की ज्याच्या हाताला जे लागेल ते त्यानं ओरबाडू नये, सगळ्यांनी एका जागी येऊन दावा सांगावा. तिसरी गोष्ट म्हणजे वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते. एका इंग्रजी आणि एका प्रादेशिक भाषेतल्या पत्रात. दावा सांगायला त्यात चौदा दिवसांच्या आसपासची तारीख असते.

मग धनकोंची समिती बसते. कंपनी कुणाला विकायची, किती पैशात, कुणाला किती द्यायचं, की सरळ मोडीत काढायची, हे ती ठरवते. या समितीत कोण? ज्यांनी पैसा उसना दिला ते, म्हणजे मुख्यत्वे बँका. ज्यांनी माल दिला, श्रम दिले, त्यांना मत नाही. कामगारांचं आणि माल पुरवणाऱ्यांचं मिळून येणं एकूण कर्जाच्या दहा टक्क्यांवर असेल तर त्यांच्या प्रतिनिधीला बसायची परवानगी, बोलायचीही, पण मत नाहीच. ग्रामपंचायतीत बाई निवडून येते आणि सही नवरा करतो, हे आपण पाहिलेलं आहे. इथं निदान तो देखावाही नाही, कायद्यातच लिहिलेलं आहे.

आता रांग. ती नेहमी आजच्यासारखी नव्हती, आणि जी आहे ती कुणी आयती दिलेली नाही. पूर्वी कंपनी मोडीत निघताना कामगाराचं म्हणणंसुद्धा ऐकायची गरज नव्हती. कंपनी मालकांची आणि सावकारांची, कामगार तो बाहेरचा. १९८२ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी, तिघांविरुद्ध दोघे अशा निकालानं, कंपनी गुंडाळण्याच्या अर्जात कामगारांना बाजू मांडायचा हक्क आहे असं मान्य केलं. मुंबईच्या गिरण्यांचा संप तेव्हा चालू होता. पुढं १९८५ मध्ये कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली आणि कामगारांची देणी तारण घेतलेल्या बँकांच्या बरोबरीनं, एकाच पायरीवर आली. तोवर गहाणवट असलेली बँक आधी आपलं सगळं काढून घेई आणि उरलं तर कामगाराला मिळे. बरोबरीचा अर्थ असा की पैसा अपुरा असेल तर दोघांनाही रुपयामागं सारखेच पैसे.

२०१६ च्या संहितेनं ही बरोबरी ठेवली, पण तिच्यावर कात्री चालवली. १९८५ च्या तरतुदीत किती काळाची देणी, याला मर्यादा नव्हती. आता कामगारांची फक्त चोवीस महिन्यांची देणी त्या पायरीवर, त्याआधीची खाली. हे घटनेच्या विरुद्ध आहे असं म्हणत कामगार सर्वोच्च न्यायालयात गेले. मे २०२३ मध्ये न्यायालयानं त्यांची याचिका फेटाळली. म्हणजे आजची रांग हीच आहे, हे धरून चालायला हवं.

रांगेच्या डोक्याशी उभा असतो तो प्रक्रियेचा खर्च. नेमलेल्या अधिकाऱ्याची फी, वकील, पहारेकरी, मूल्यमापन, जाहिराती, शिवाय मधल्या काळात कारखाना चालू ठेवायला केलेला खर्च. हा पूर्ण भागवायचा, मग पुढं. दुसऱ्या पायरीवर कामगारांची चोवीस महिन्यांची देणी आणि तारण सोडून वाटपात आलेले बँकेसारखे धनको, खांद्याला खांदा लावून. तिसऱ्यावर 'कामगार' या व्याख्येत न बसणारे कर्मचारी, त्यांचं फक्त बारा महिन्यांचं. चौथ्यावर विनातारण कर्ज देणारे. पाचव्यावर सरकारचे कर, शिवाय ज्या बँकेनं तारण स्वतः विकलं तिची राहिलेली तूट. सहाव्यावर बाकी सगळे एका गठ्ठ्यात, म्हणजे माल पुरवणारे, ठेकेदार, चोवीस महिन्यांपलीकडचं कामगारांचं येणं. सर्वांत शेवटी भागधारक. वरच्या पायरीचं पूर्ण भागल्याशिवाय खालच्या पायरीवर पैसा उतरतच नाही.

हे डोळ्यांपुढं यावं म्हणून एक हिशोब मांडते. कारखाना काल्पनिक आहे, आकडे सोपे घेतले आहेत. समजा, कपडे शिवणाऱ्या एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीची जागा, इमारत आणि यंत्रं विकून १२ कोटी आले. खर्चाचे १ कोटी गेले, ११ उरले. दीडशे कामगार, त्यात बहुसंख्य बायका. प्रत्येकीचं चोवीस महिन्यांतलं येणं २ लाख, म्हणजे एकूण ३ कोटी. दुसऱ्या पायरीवर मान्य झालेला बँकेचा दावा ३० कोटी. दोन्ही मिळून ३३ कोटी मागणारे आणि ताटात ११. रुपयाला तेहतीस पैसे. कामगार बाईला तिच्या दोन लाखांपैकी ६६ हजार ६६७ रुपये मिळाले आणि बँकेला १० कोटी. ताट रिकामं. तिसऱ्या पायरीवरची लाइन सुपरवायझर, हिशोबनीस आणि ऑफिसातली टायपिस्ट यांना शून्य. कापड दिलेला व्यापारी शून्य. कँटीन चालवणारा बचत गट शून्य.

बँक म्हणेल, मी वाटपात येतच नाही, माझं तारण मी स्वतः विकते. तो हक्क तिला आहे. पण नियमानं तिला प्रक्रियेच्या खर्चाचा आणि कामगारांच्या चोवीस महिन्यांच्या देण्याचा वाटा आधी काढून द्यावा लागतो, जेवढा ती वाटपात आली असती तर द्यावा लागला असता तेवढा. बँकेनं गाळा परस्पर लिलावात काढला असं कळलं तर सोडून द्यायचं नाही, लिक्विडेटरला लेखी विचारायचं की कामगारांचा वाटा आला का.

आता या हिशोबातली खरी मेख. चोवीस महिने कधीपासून मोजायचे? कारखाना बंद पडला त्या दिवसापासून मागं? नाही. कायद्याचे शब्द आहेत, लिक्विडेशन सुरू झाल्याच्या तारखेआधीचे चोवीस महिने. आणि लिक्विडेशनचा हुकूम व्हायच्या आधी गिऱ्हाईक शोधण्यात दोन-चार वर्षं सहज जातात. त्या वर्षांत कारखाना बंद, मग पगार कसला? चोवीस महिने रिकामेच भरतात आणि खरी थकबाकी त्यांच्या मागं राहते. या शब्दांचा अर्थ कसा लावायचा यावरून वाद होत असतात, म्हणून दावा सांगताना आपण जुनी थकबाकी आपण होऊन गाळायची नाही. पूर्ण मांडायची, महिनावार.

जेट एअरवेजचं उदाहरण घ्या. मुंबईची कंपनी, एके काळची देशातली बडी विमान कंपनी. १७ एप्रिल २०१९ ला तिची विमानं जमिनीवर आली ती आलीच. जूनमध्ये मुंबईच्या न्यायाधिकरणानं बँकांचा अर्ज दाखल करून घेतला. कंपनी पुन्हा उडवू, असं सांगणारे गुंतवणूकदार आले, त्यांची योजना जून २०२१ मध्ये मंजूर झाली. त्या योजनेत हजारो कर्मचाऱ्यांच्या वाट्याला आलं ते त्यांच्या येण्याच्या मानानं नगण्य होतं. कर्मचाऱ्यांच्या संघटना अपिलात गेल्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये अपील न्यायाधिकरणानं निकाल दिला की न भरलेला प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी द्यावीच लागेल. गुंतवणूकदार सर्वोच्च न्यायालयात गेले, जानेवारी २०२३ मध्ये त्यांचं अपील फेटाळलं गेलं. जिंकले ना कर्मचारी? कागदावर जिंकले. पण योजना प्रत्यक्षात आलीच नाही. पैसे भरायच्या मुदती टळत गेल्या, खटले चालत राहिले, आणि ७ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं आपला विशेष अधिकार वापरून कंपनी लिक्विडेशनमध्ये काढायचा आदेश दिला. या तारखेपासून शब्दशः चोवीस महिने मागं मोजले तर आपण नोव्हेंबर २०२२ ला पोचतो. तेव्हा विमानं थांबून साडेतीन वर्षं झालेली होती.

या प्रकरणात हवाई सुंदऱ्या होत्या, तिकीट खिडकीवरच्या मुली होत्या, अभियंते आणि वैमानिक होते. शिकलेली, इंग्रजी बोलणारी, वकील करू शकणारी माणसं. त्यांची ही गत. आपल्या वस्तीतल्या शिलाई लाइनवरच्या बाईनं काय करायचं, या प्रश्नानं मला झोप लागत नाही असं म्हणणार नाही, पण तो प्रश्न मला सोडतही नाही.

जेटच्या निकालात एक गोष्ट मात्र फार मोलाची आहे, ती आपल्या सगळ्या गटांना पाठ हवी. फंड, पेन्शन आणि ग्रॅच्युइटी यांच्या निधीतलं कामगारांचं येणं रांगेत उभंच राहत नाही. संहितेनं ते कंपनीच्या वाटायच्या मालमत्तेतूनच वगळलं आहे. तो पैसा कंपनीचा नाही, कामगाराचा आहे, कंपनी फक्त सांभाळत होती, असा त्यामागचा विचार. हिशोबातल्या बाईचे ६६ हजार ६६७ हे पगारापोटीचे. फंड त्यात धरायचा नाही, तो वेगळा आणि पूर्ण मागायचा. मालकानं पगारातून कापून घेतलेला फंड भरलाच नसेल तर भविष्य निर्वाह निधी कार्यालयालाही लेखी कळवायचं, म्हणजे ते कार्यालय आपला दावा स्वतंत्र सांगेल. ग्रॅच्युइटीचं इतकं सरळ नाही. कंपनीनं त्यासाठी निराळा निधीच काढला नव्हता, तर वगळायचं कशातून? अशा एका प्रकरणात अपील न्यायाधिकरणानं २०२० मध्ये लिक्विडेटरच्या बाजूनं निकाल दिला होता. जेटमध्ये कर्मचाऱ्यांच्या बाजूनं दिला, पण तिथं कंपनी घेणारा योजना घेऊन उभा होता. म्हणून कंपनीनं ग्रॅच्युइटीचा निधी किंवा विमा काढला आहे का, हे कंपनी धडधाकट असताना विचारून ठेवायला हवं. बुडाल्यावर विचारलं तर उत्तराचा उपयोग नाही.

प्रक्रिया चालू असतानाच्या पगाराचंही असंच एक वळण आहे. गेट उघडं आहे, अधिकारी येऊन बसला आहे, काही बायका रोज कामावर जात आहेत. त्यांचा या काळातला पगार खर्चात धरला, तर तो रांगेच्या डोक्याशी, पूर्ण मिळायला हवा. एका जहाजबांधणी कंपनीच्या कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये अट घातली की या काळात कंपनी खरोखर चालू होती आणि त्या कामगारानं प्रत्यक्ष काम केलं, हे दिसलं पाहिजे. नुसतं नाव पटावर असून भागत नाही. म्हणून अशा दिवसांत हजेरीची सही, आत जाताना दिलेला पास, सुपरवायझरनं वहीवर मांडलेला नगांचा आकडा, हे सगळं जपायचं. बंद गेटसमोर बसून दिलेली हजेरी कायदा मोजत नाही. आणि लिक्विडेशनचा हुकूम झाला की तो हुकूमच कामावरून कमी केल्याची नोटीस समजला जातो, कारखाना चालू ठेवला असेल तेवढा अपवाद. वेगळं पत्र घरी येत नाही. कितीतरी बायका त्या पत्राची वाट पाहत बसतात.

आता जे या रांगेत दिसतच नाहीत त्यांच्याकडे वळते.

'कामगार' कोण, याची व्याख्या संहितेनं औद्योगिक विवाद कायद्यातून घेतली होती. त्या कायद्याची जागा नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहितेनं घेतली आहे. कसोटी मात्र कामाचीच. व्यवस्थापकीय काम करणारा कामगार नाही, आणि ठरावीक पगाराच्या वरचा देखरेख करणाराही नाही. या दुसऱ्या ओळीत आपल्या बायका अडकतात. दहा वर्षं मशीन चालवलेल्या बाईला मालक 'सुपरवायझर' करतो, तीनशे रुपये वाढवतो आणि पट्ट्याला बिल्ला लावतो. ती दिवसभर मशीनवरच असते. बिल्ल्यामुळं ती दुसऱ्या पायरीवरून तिसरीवर घसरते, म्हणजे तेहतीस पैशांवरून शून्यावर. न्यायालयांनी वारंवार सांगितलं आहे की हुद्द्याचं नाव पाहायचं नाही, मुख्य काम काय ते पाहायचं. दाव्यात म्हणून हुद्दा लिहून थांबायचं नाही, रोजचं काम लिहायचं. किती वेळ मशीनवर, कुणाला रजा मंजूर करायचा अधिकार आहे का, कुणाला कामावर घ्यायचा-काढायचा आहे का.

नगावर काम करणाऱ्यांनी घाबरायचं कारण नाही. कामगारांच्या देण्यांत नगावरची मजुरी स्पष्ट लिहिलेली आहे, साठलेल्या रजेचा पगार आणि नोकरी गेल्याची भरपाईही. पण ही सोय कंपनीच्या स्वतःच्या कामगारांना. ठेकेदाराकडून आलेल्या झाडूवाल्या, पॅकिंगवाल्या, कँटीनमधल्या बायका कंपनीच्या पटावर नसतात. त्यांचा ठेकेदार बिल थकलं म्हणून दावा सांगतो आणि सहाव्या पायरीवर जाऊन उभा राहतो. त्या बिलाच्या पोटात बायकांची मजुरी असते, पण तिला मजुरी म्हणून कुणी ओळखत नाही. एकाच छताखाली एकाच टेबलाशी उभ्या दोघी, एक दुसऱ्या पायरीवर, एक सहाव्या. ठेकेदारानं मजुरी दिली नाही तर मूळ मालकानं द्यावी, असं कंत्राटी कामगारांचा कायदा १९७० पासून सांगत आला. पण मूळ मालकच बुडाला तर त्या जबाबदारीला रांगेत स्वतःची पायरी नाही. आणि घरी बसून काज-बटण करणारीचं काय? तिला माल देतो तो मधला माणूस. कंपनीच्या कुठल्याही वहीत तिचं नाव नाही. ती कंपनीची धनकोसुद्धा नाही.

माझं मत असं आहे की कायदा बदलायची मागणी करायची तर ती इथून सुरू व्हावी. चोवीस महिने कारखाना बंद झाल्या दिवसापासून मागं मोजावेत, आणि कंपनीच्या मालावर खर्ची पडलेली मजुरी, मग ती कुणाच्याही हातून दिली जात असो, दुसऱ्या पायरीवर यावी. आपल्यातल्या काही जणी म्हणतील, युनियनवाले पाहतील. पटावरच्या पुरुषांच्या युनियननं ठेक्यावरच्या बायकांसाठी किती केलं, ते आपण पाहिलेलं आहे, आणि ते लिहून मी जुने वाद उकरत नाही.

मागणी पुढची. आज दावा कसा सांगायचा ते सांगते. कंपनी बुडायच्या आधी चिन्हं दिसतात. फंडाच्या पासबुकात महिना पडायचा थांबतो, हे पहिलं आणि सर्वांत खात्रीचं, पगारातून कापला जात असताना सुद्धा. पगार आधी पाच तारखेचा पंधरावर जातो, मग हप्त्यानं येतो. चांगली यंत्रं 'दुरुस्तीला' जातात आणि परत येत नाहीत. आणि एक दिवस पगाराच्या पावतीवर कंपनीचं नाव किंचित बदललेलं दिसतं. काम तेच, मालक तोच, नाव दुसरं. जुन्या कंपनीत देणी ठेवून माणसं आणि माल नव्या कंपनीत सरकवायची ही रीत आहे. अशा व्यवहारांविरुद्ध अधिकारी न्यायाधिकरणात जाऊ शकतो. नातलगांच्या किंवा संबंधित कंपन्यांच्या बाबतीत दोन वर्षं मागंपर्यंतचा पक्षपाती व्यवहार रद्द होऊ शकतो. पण त्याला हे सांगणार कोण? कोणत्या तारखेला कोणतं मशीन कोणत्या टेंपोतून गेलं, हे लाइनवरच्या बाईला ठाऊक असतं, हिशोब तपासनिसाला नसतं. ते तारखेसह वहीत लिहून ठेवावं.

सूचना वर्तमानपत्रात आल्यावर कामगारांसाठी फॉर्म डी असतो. पुष्कळ जणी असतील तर एका प्रतिनिधीला सगळ्यांच्या वतीनं एकच दावा सांगता येतो, त्याला फॉर्म ई. दावा हातोहात, पोस्टानं किंवा ईमेलनं देता येतो, हातोहात दिला तर पोच घ्यायची. सोबत कामावर असल्याचा कोणताही पुरावा. नेमणूकपत्र बहुतेकींकडे नसतंच, तेव्हा पगाराची पावती, बँकेच्या पासबुकातल्या नोंदी, विमा कार्ड, फंडाचा नंबर, कामगार न्यायालयाचा निकाल असेल तर तो. रक्कम पगार, रजा, भरपाई, ग्रॅच्युइटी, फंड अशी वेगवेगळी मांडायची, एकत्र आकडा लिहिला तर अधिकारी तो एकाच खान्यात टाकतो आणि फंडही रांगेत जाऊन उभा राहतो. कामगार वारला असेल तर त्याच्या बायकोनं वारस म्हणून दावा सांगायचा. तिला बहुतेक वेळा कुणी कळवतच नाही, युनियनच्या यादीतून तिच्या नवऱ्याचं नाव तो वारला त्याच दिवशी गेलेलं असतं. चौदा दिवसांची तारीख चुकली तरी कारण देऊन दावा पाठवायचा, उशिरा आलेले दावे घ्यायलाही काही काळ मुभा आहे. दावा नाकारला किंवा कमी केला तर कारण लेखी मागायचं आणि लगेच न्यायाधिकरणात जायचं. मुदती लहान असतात.

अडचण राहते ती त्या सूचनेची. आपल्यातल्या किती जणी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरची, बारीक टाइपातली चौकट वाचतात? जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या गटांनी हे एक काम वाटून घ्यावं असं मला वाटतं. आठवड्यातून एकदा वाचनालयात बसून मराठी पत्रांतल्या जाहीर सूचना पाहायच्या. आपल्या भागातल्या कंपनीचं नाव दिसलं तर ते कात्रण त्याच संध्याकाळी कारखान्याच्या गेटवर, पाणवठ्यावर आणि रेशन दुकानाच्या फळ्यावर लावायचं, शेवटची तारीख मोठ्या अक्षरांत लिहून. फॉर्म डीचे छापील नमुने आमच्या कार्यालयात ठेवले आहेत, पोस्टाचं तिकीट लावलेलं पाकीट पाठवलं तर पाठवून देऊ.